दोन कट्टे, आठ बाण

अकरावीला लातूरला आलो आणि पहिल्याच चाचणीत एका गणितानं माझी पंचाईत केली. एक सपाट फळी, तिच्यावर ५० किलोचा ठोकळा, त्यावर तसाच ५० किलोचा दुसरा ठोकळा. फळी २ मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरणानं पुढं जाते आणि दोन्ही ठोकळे न घसरता तिच्याबरोबर जातात. फळी खालच्या ठोकळ्यावर किती घर्षण लावते? मी झोकात १०० न्यूटन लिहिलं. बरोबर उत्तर २०० होतं.

पेपर परत मिळाल्यावर मी माझी फ्री बॉडी डायग्राम, म्हणजे ठोकळ्यावरचं प्रत्येक बल बाणानं दाखवणारी आकृती, तीनदा पाहिली आणि तिन्ही वेळा ती मला बरोबरच वाटली. काढताना जे सुचलं नव्हतं ते बघताना तरी कुठून सुचणार? समीकरणं मात्र चोख होती. आकृतीत एक बाण कमी, त्यामुळं पुढचं सगळं नेटकं आणि चुकीचं. आता क्लासमध्ये डाउट सोडवायला बसतो तेव्हा हाच प्रकार रोज दिसतो. मुलं समीकरणाच्या ओळी तपासतात, आकृतीकडं नुसती नजर टाकतात.

मला हे गणित कळलं ते दिवाळीच्या सुट्टीत, सोयाबीनचे कट्टे ट्रॉलीत भरून मोंढ्यावर जाताना. मी मागं कट्ट्यांजवळ बसलो होतो. रस्त्याला लागताना अण्णा ट्रॅक्टरवाल्या काकांना ओरडले, "दमानं सोड रे, कट्टे माघारी येतेत!" मग डोक्यात आलं की हे तर चाचणीतलंच गणित आहे. ट्रॉली म्हणजे फळी, कट्टे म्हणजे ठोकळे. तेव्हापासून मी हे गणित कट्ट्यांवरच सांगतो. गुरुत्व त्वरण सोयीसाठी १० धरू.

आधी वरचा कट्टा घ्या, तो सोपा आहे. पेन्सिलीनं त्याच्याभोवती एक बंद रेघ काढायची आणि त्या रेघेवरून बोट फिरवायचं. बोट जिथं जिथं दुसऱ्या वस्तूला लागेल तिथं थांबायचं. वरच्या कट्ट्याला फक्त खालचा कट्टा लागतो, हवा सोडून देऊ. एक स्पर्श म्हणजे जास्तीत जास्त दोन बाण: पृष्ठभागाला लंब असलेला नॉर्मल आणि पृष्ठभागाच्या दिशेतलं घर्षण. न शिवता बल लावणारी इथं एकच, पृथ्वी. म्हणजे तीन बाण झाले. वजन ५०० खाली, नॉर्मल ५०० वर, आणि घर्षण.

घर्षण कुठल्या दिशेला? इथं बहुतेक जण मागं दाखवतात, कारण "घर्षण गतीला विरोध करतं" हे वाक्य दहावीपासून पाठ असतं. ते वाक्य अर्धवट आहे. घर्षण विरोध करतं ते एकमेकांना लागलेल्या दोन पृष्ठभागांच्या आपसातल्या घसरण्याला. रस्त्याच्या हिशेबानं कट्टा कुठं चाललाय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. म्हणून मी मुलांना सांगतो, दोन कट्ट्यांच्या मध्ये मनातल्या मनात तेल ओता. ट्रॅक्टरनं ओढ घेतली तर आता काय होईल? खालचा पुढं निघेल, वरचा जागीच राहील, म्हणजे खालच्याच्या मानानं मागं सरकेल. अण्णांचं "माघारी येतेत" ते हेच. त्या मागं सरकण्याला अडवणारं घर्षण पुढच्या दिशेला असणार. आणि तसंच हवं, कारण कट्टा पुढं वेग घेतोय आणि त्याला आडव्या दिशेत ढकलणारं दुसरं कोणी नाही. किंमत ५० × २, म्हणजे १०० न्यूटन.

आता खालचा कट्टा. रेघेवरून बोट फिरवा. खाली ट्रॉलीची पत्र्याची तळी लागते, वर दुसरा कट्टा लागतो. दोन स्पर्श म्हणजे चार बाण, आणि पृथ्वीचा एक, एकूण पाच. माझ्या चाचणीतल्या आकृतीत चारच होते. वरच्या ठोकळ्याचा दाब मी दाखवला होता, त्याचं घर्षण विसरलो होतो. वरच्याच्या आकृतीत "खालचा वरच्याला पुढं ओढतो, १०० न्यूटन" असं लिहिलं की त्याची जोडी कुठंतरी असलीच पाहिजे: वरचा खालच्याला मागं ओढतो, १०० न्यूटन. ही जोडी कधीच एका आकृतीत नसते, नेहमी दोन वेगवेगळ्या आकृत्यांत असते. म्हणून दोन्ही आकृत्या शेजारी ठेवून मी स्पर्शाच्या बाणांवर एकेक टिंब देत जातो. इकडच्या बाणाला तिकडं जोडीदार सापडला नाही तर काहीतरी राहिलंय, किंवा काहीतरी फुकटचं काढलंय.

हिशेब असा बसतो. तळीचं घर्षण पुढं, वरच्या कट्ट्याचं १०० मागं, आणि दोन्हींच्या वजाबाकीतून ५० × २ = १०० पुढं उरायला हवेत. म्हणजे तळीचं घर्षण २००. उभ्या दिशेत तळीचा नॉर्मल १००० वर, खालच्याचं स्वतःचं वजन ५०० आणि वरच्याचा दाब ५०० खाली.

हे पडताळायला एक मोठी रेघ काढा, दोन्ही कट्ट्यांना मिळून. आता दोघांमधले बाण रेघेच्या आत गेले, ते मोजायचे नाहीत. बाहेरून आडवं बल लावणारी फक्त तळी. एकूण १०० किलो, त्वरण २, म्हणजे २०० न्यूटन. सुट्या आकृत्यांमधून आलेलं उत्तर आणि या मोठ्या रेघेतून आलेलं उत्तर जुळलं नाही तर सुट्या आकृतीत खोट आहे. चाचणीत मी हे केलं असतं तर अर्ध्या मिनिटात चूक हाती लागली असती.

"वरच्याचा दाब" असं मी मुद्दाम म्हणतोय. खालच्या कट्ट्याच्या आकृतीत मुलं सर्रास "वरच्याचं वजन" लिहितात. मी प्रत्येक बाणाला एकच प्रश्न विचारतो, आमच्याकडच्या बोलीत: "ह्यो बाण कोण लावायलाय?" वजन पृथ्वी लावते आणि ते वरच्या कट्ट्यावर लावते. खालच्याला पृथ्वी वरच्याच्या वतीनं ढकलत नाही, वरचा कट्टा स्वतः दाबतो. सपाट रस्त्यावर दोन्ही आकडे ५०० येतात, म्हणून चूक झाकली जाते. पण ट्रॉली खड्ड्यात उतरताना क्षणभर ४ मीटर प्रति सेकंद वर्गानं खाली जात असेल तर? वरच्याचं वजन ५०० च राहतं, दाब मात्र ५० × (१० − ४), म्हणजे ३०० होतो. वजन लिहिणाऱ्याचं गणित इथं फसतं.

याच प्रश्नानं आणखी एक बाण गळून पडतो. परवा एका मुलीनं कट्ट्याच्या पुढच्या बाजूला ma असा ठसठशीत बाण काढला होता.

"कोण लावायलाय?"

"सर, ट्रॅक्टर."

"ट्रॅक्टर कट्ट्याला लागलाय का?"

तिनं बोट फिरवून पाहिलं आणि खोडरबर घेतला. ma म्हणजे सगळ्या बलांची बेरीज, बरोबरच्या चिन्हाच्या पलीकडं बसणारी. त्वरणाचा बाण दाखवायचाच असेल तर आकृतीच्या बाहेर, वेगळ्या रंगात दाखवा. बेरजेची दिशा त्याच्याशी जुळते का हे बघायला तो कामाला येतो. ट्रॉलीत बसून गणित सोडवणाऱ्यांनी सूडो फोर्स, म्हणजे ट्रॉलीच्या त्वरणामुळं धरावं लागणारं भासमान बल, मागच्या दिशेला जरूर घ्यावा, पण मग कट्ट्याचं त्वरण शून्य धरावं. रस्त्यावर उभं राहून मोजलेलं त्वरणही घ्यायचं आणि सूडो फोर्सही, असं केलं की एकच गोष्ट दोनदा मोजली जाते.

आता दिशेबद्दलची एक समजूत, जी मला बारावीपर्यंत नडली. "दिशा चुकली तरी हरकत नाही, उत्तर उणे येईल, मग उलटी करायची." न घसरणाऱ्या कट्ट्याच्या घर्षणाला हे लागू पडतं. तिथं घर्षणाची किंमत आपण समीकरणातून काढतो. वरच्या कट्ट्यावर ते मागं धरलं तर −१०० येईल आणि आपण सावध होऊ.

पण घसरणाऱ्या वस्तूला हे चालत नाही. समजा ट्रॉलीत एकच कट्टा आहे. तळीशी स्थितिक घर्षणाचा गुणांक ०.४, घसरतानाचा ०.३. काकांनी जोरात ब्रेक मारला, ट्रॉली ५ मीटर प्रति सेकंद वर्गानं मंदावली. कट्टा न घसरता फार तर ४ नं मंदावू शकतो, म्हणून तो तळीवरून पुढं घसरणार. आता घर्षणाची किंमत ०.३ × ५०० = १५० न्यूटन अशी आधीच ठरली, चिन्ह सांगायला समीकरण मोकळं राहिलंच नाही. दिशा आपणच द्यायची: कट्टा तळीच्या मानानं पुढं सरकतोय, म्हणून घर्षण मागं, मंदन ३. बाण चुकून पुढं काढला तर उत्तर येतं ३ मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरण, अधिक चिन्हासह, अगदी गोंडस. अर्थ काय, तर काकांनी ब्रेक दाबला आणि कट्ट्यानं वेग वाढवला. असं उत्तर पकडायला कागद सोडून रस्त्याकडं बघावं लागतं.

बोट फिरवण्यातून कधीकधी नको तेही सापडतं. समजा खालचा कट्टा मागं फाळक्याला टेकलेला आहे. आता तिसरा स्पर्श आला, फाळका पुढं ढकलतोय. तळीचं घर्षण आणि फाळक्याचा रेटा मिळून २०० हे नक्की, पण कोणाचे किती? १५० आणि ५०? सगळं फाळक्याचंच? न घसरणाऱ्या कट्ट्याची आकृती अचूक असली तरी एवढ्या माहितीवर हे सुटत नाही. कट्टा आधी कसा रेटून ठेवला होता, कुठं किती दबला, यावर ते ठरतं. तळीच्या घर्षणाची कमाल मर्यादा २०० पेक्षा कमी असेल तर एवढंच म्हणता येतं की उरलेलं फाळक्याला द्यावंच लागेल.

हे सांगितलं की मागच्या बाकावरून हमखास प्रश्न येतो, "सर, मग परीक्षेत काय लिहायचं?"

परीक्षेतल्या ट्रॉलीला फाळका नसतो.