जुन्या गिऱ्हाइकाला नव्याची जाहिरात दिसू नये म्हणून

समुद्रपूर तालुक्यातील वायगावची हळद भौगोलिक मानांकन मिळालेली आहे आणि आमच्या बचत गटाचा सगळा व्यवहार तिच्या पावडरीवर चालतो. गटाच्या फेसबुक आणि इन्स्टाग्रामवरील जाहिराती मी पाहते. या कामात नव्याने येणाऱ्यांना प्रेक्षकांचे तीन भाग करायला पहिल्याच आठवड्यात शिकवले जाते: प्रथमच येणारे, पुन्हा घेणारे आणि मोठे गिऱ्हाईक. प्रत्येकासाठी वेगळे चित्र आणि वेगळा मजकूर तयार करणे त्यामानाने सोपे असते. या तीन भागांमधल्या भिंती पक्क्या ठेवणे मात्र अवघड जाते, आणि माझी मोठी चूक तिथेच झाली.

नव्या लोकांसाठी मी पहिल्या खरेदीवर 15 टक्के सवलतीची जाहिरात लावली होती आणि जुन्या गिऱ्हाइकांचे 640 मोबाइल क्रमांक अपलोड करून त्यांना तिच्यातून वगळले होते, निदान माझी तशी समजूत होती. महिनाभराने हिंगणघाटच्या एका जुन्या गिऱ्हाईक बाईंचा फोन आला. त्या म्हणाल्या, "ताई, आम्ही तीन वर्षांपासून तुमच्याचकडून हळद घेतो, मंग नव्या माणसाले कमी भाव अन् आम्हाले काहून नाही?" मी त्या दिवशी, तोवर सवलतीच्या कूपनवर आलेल्या 38 ऑर्डरी गटाच्या वहीशी ताडून पाहिल्या, तेव्हा त्यातले 23 क्रमांक वहीत आधीपासून होते. म्हणजे जाहिरातीच्या खर्चावर आणि वर सवलत देऊन आम्ही आमच्याच गिऱ्हाइकांना पुन्हा विकत घेत होतो.

याची कारणे दोन होती. पहिले असे की, आमच्या बहुतेक ऑर्डरी व्हॉट्सॲपवर किंवा फोनवर येतात आणि पैसे घरपोच मिळाल्यावर दिले जातात. वेबसाइटवर बसवलेल्या पिक्सेलला, म्हणजे खरेदीची नोंद जाहिरातीच्या यंत्रणेला कळवणाऱ्या कोडला, फक्त वेबसाइटवरची खरेदी कळते, त्यामुळे फोनवर चार वेळा हळद घेतलेली बाई त्याच्या हिशेबी कधीच गिऱ्हाईक झालेली नसते. खेड्यापाड्यांत धंदा करणाऱ्याने हे आधी लक्षात घ्यावे, कारण शहरातल्या दुकानांसाठी लिहिलेल्या मार्गदर्शनात ते सहसा नसते. दुसरे कारण माझ्या यादीत होते. वहीतून उतरवलेले क्रमांक दहा अंकी होते आणि जुळणीसाठी पुढे देशाचा 91 हा अंक लागतो. लहान यादीचा आकार पडद्यावर नेमका दिसत नाही, नुसता हजाराच्या आत असल्याचे दिसते, म्हणून जुळणी फसल्याचा पत्ता मला तिथे लागला नाही. आता यादी अशी असते:

```
phone,country
91XXXXXXXXXX,IN
```

दर सोमवारी मी वहीतल्या नव्या ऑर्डरी या यादीत भरते, कारण एकदा चढवून सोडून दिलेली यादी आपोआप वाढत नाही. शिवाय सगळे क्रमांक कधीच जुळत नाहीत. अनेकांचे फेसबुक खाते दुसऱ्याच क्रमांकावर असते. म्हणून कूपन देताना मोबाइल क्रमांक वहीत आहे का, हे ऑर्डर घेणारी मुलगी पाहते, आणि ही दुसरी भिंत जाहिरातीच्या यंत्रणेपेक्षा भरवशाची निघाली. पार्सलसाठी दिलेला क्रमांक जाहिरातीसाठी वापरायचा असल्यास तसे विचारून घ्यावे, हेही इथेच सांगते. आम्ही ऑर्डर घेताना विचारतो आणि नाही म्हणणाऱ्याचा क्रमांक यादीत घालत नाही.

भिंती नीट झाल्यावर मजकुराचे काम सुरू होते. नवा माणूस भावाआधी भेसळीचा विचार करतो, हे मला फोनवरच्या प्रश्नांवरून कळले. म्हणून त्याच्यासाठी वीस सेकंदांचा व्हिडिओ आहे: शेतातून निघालेले कंद, कढईतली वाफ, अंगणात वाळणारी हळद, गटाच्या गिरणीतून पडणारी पावडर, आणि शेवटी 200 ग्रॅमच्या पाकिटाचा भाव. सवलत आहे, पण ती मजकुराच्या शेवटी. पुन्हा घेणाऱ्याला हा व्हिडिओ दाखवणे म्हणजे त्याच्या स्वयंपाकघरातल्या डब्याविषयी त्यालाच माहिती देण्यासारखे आहे. त्याला फक्त आठवण हवी असते, आणि तीही वेळेवर. वहीतल्या पहिल्या आणि दुसऱ्या ऑर्डरीमधले दिवस मोजले, तेव्हा मधला आकडा 75 दिवसांचा आला. त्यामुळे शेवटच्या ऑर्डरीला 60 ते 120 दिवस झालेल्यांनाच "डबा तळाला लागला का?" एवढे विचारणारे एक स्थिर चित्र दिसते, ज्यात अर्धा रिकामा डबा आणि आमचा व्हॉट्सॲप क्रमांक आहे; सवलत नाही. 60 दिवसांच्या आतल्यांना या जाहिरातीतूनही वगळले आहे.

मोठे गिऱ्हाईक कोणाला म्हणायचे, यावर गटात वाद झाला. बिलाच्या रकमेने लावले तर लग्नासाठी एकदाच पाच किलो नेणारा वर येतो, जो पुन्हा दिसत नाही. आम्ही वर्षात चार किंवा अधिक वेळा घेणारे, असे ठरवले आणि 90 नावे निघाली. यादीवरच्या प्रेक्षकवर्गाला जाहिरात दाखवण्यासाठी किमान 100 जुळलेली माणसे लागतात, तेव्हा या वर्गासाठी जाहिरात चालवताच येत नव्हती. आकडा भरण्यासाठी मी निकष सैल केला नाही. या 90 घरांना गुढीपाडव्याच्या सुमारास नवी पावडर तयार झाली की बाकीच्यांच्या आधी व्हॉट्सॲपवर निरोप जातो. त्यांना भाव कमी करून हवा आहे असे मला एकाही फोनवर जाणवले नाही, त्यांना नव्या हळदीचा पहिला घाणा हवा असतो.

पुन्हा घेणाऱ्यांच्या जाहिरातीचे आकडे पडद्यावर फार सुरेख दिसतात आणि नवा माणूस तिथेच फसतो, कारण त्यातले पुष्कळजण जाहिरात नसतीच तरी ऑर्डर देणार होते. मी मोबाइल क्रमांकाच्या शेवटच्या अंकावरून याद्या दोन केल्या: विषम अंकाच्यांना आठवणीची जाहिरात दाखवली, सम अंकाच्यांना आठ आठवडे कोणतीच जाहिरात लागू नये असे वगळले. दोन्हीकडे 206 नावे होती. विषमवाल्यांतून वहीत 61 ऑर्डरी आल्या आणि समवाल्यांतून 52. यंत्रणेने मात्र 48 ऑर्डरी जाहिरातीच्या नावावर मांडल्या होत्या. खरा फरक नऊचा, आणि एवढ्या लहान संख्येत तोही योगायोगाचा असू शकतो, म्हणून पुढच्या हंगामात हीच विभागणी मी पुन्हा करणार आहे. तोपर्यंत आठवणीच्या जाहिरातीचा रोजचा खर्च 150 रुपयांवरून 60 वर आणला आहे आणि उरलेले 90 रुपये कढईच्या व्हिडिओकडे वळवले आहेत.