स्किल मॅट्रिक्स करताय? या चुका टाळा

स्किल मॅट्रिक्स म्हणजे कोणाला कोणतं काम किती येतं याचा तक्ता: आडव्या ओळीत माणसं, उभ्या रकान्यात कामं. जळगावच्या डाळ मिलमध्ये तो लावायला मला बोलावतात, तेव्हा बहुतेक ठिकाणी तो आधीच भरलेला असतो आणि तिथेच घोळ असतो. आकडे साधे आहेत: १ म्हणजे पाहिलंय, २ म्हणजे कोणी शेजारी असेल तर करतो, ३ म्हणजे एकटा करतो, ४ म्हणजे शिकवतो. पण माणसाला विचारून आकडा भरला, की उत्तर ठरलेलं: "माले समदं येस, भाऊ."

एका मिलमध्ये सॉर्टेक्सच्या, म्हणजे रंग बघून खराब दाणे वेगळे काढणाऱ्या मशीनच्या, रकान्यात दोघांना ३ होते. आखाजीला मुख्य ऑपरेटर गावी गेला. त्याच दिवशी तुरीचा लॉट बदलला आणि डाळीचा रंग थोडा गडद निघाला. दुसऱ्या माणसाला मशीन चालू-बंद करता येत होतं, तेवढ्यावरच त्याला ३ मिळाले होते. रिजेक्टच्या पोत्यात चांगली डाळ दिसू लागली, तेव्हा त्याने घाबरून सेन्सिटिव्हिटी इतकी खाली आणली की काळे दाणे चांगल्या मालात गेले. ट्रक उभा आणि मालक फोनवर. खरं तर मशीनच्या काचेवर भुकटी बसली होती, त्यात जुन्या लॉटचं सेटिंग तसंच होतं. काच पुसून नव्या लॉटवर सेटिंग घेतलं असतं, तर निभावलं असतं.

म्हणून माझी सवय अशी: ३ द्यायचा तो लॉट बदलण्याच्या दिवशीच. शिकणारा काच पुसतो, हवेचा दाब बघतो, फीड ठरवतो, सेटिंग लावतो. जुना ऑपरेटर मागे उभा, हात खिशात. मग दोन्ही बाजूंचा शंभर-शंभर ग्रॅम नमुना हाताने निवडायचा. रिजेक्टमध्ये चांगली डाळ जास्त असेल तर आधी काच, मग सेन्सिटिव्हिटी. चांगल्या मालात काळे दाणे असतील तर आधी हवेचा दाब, मग फीड. हे न विचारता सांगितलं तरच ३. दोन दिवसांत तक्त्यात सगळीकडे ३ भरून द्या म्हणणाऱ्यांना मी नाही म्हणतो.

दुसरी चूक, तक्ता आडवा वाचणे. कोणाला किती कामं येतात हे बघून कौतुक होतं, पण धोका उभ्या रकान्यात असतो. ज्या कामाखाली ३ किंवा ४ असलेला एकच माणूस आहे, तिथून सुरुवात करा. मिलमध्ये तो बहुधा सॉर्टेक्सचा किंवा दाण्याची साल काढणाऱ्या एमरी रोलरचा रकाना असतो. पोती शिवायला सगळ्यांना शिकवून रकाने भरू नका.

जुना कारागीर शिकवत नाही, अशी तक्रार असते. शिकवल्यावर आपली गरज संपेल अशी त्याला भीती असते, ४ ला पगारात काही ठेवा.

आणि ३ मिळालेल्याला महिन्यातून एक पूर्ण पाळी त्या मशीनवर द्या, सीझनमध्येसुद्धा. सहा महिने हात लावला नसेल तर आकडा २ करा, त्याला राग आला तरी.