कुलमुखत्यारपत्राचा सारांश काढताना क्रियापदांखाली रेघ मारा

आधी पेन्सिल घ्या आणि फक्त क्रियापदांखाली रेघ मारा: विकणे, गहाण ठेवणे, सही करणे, पैसे स्वीकारणे. अधिकार तिथेच असतात.

समजा मजकूर असा आहे: ‘सदनिकेच्या विक्रीची बोलणी करणे, करारावर सही करणे व माझ्या लेखी संमतीनंतर रक्कम स्वीकारणे.’ याचा सारांश ‘घर विकण्याचा अधिकार’ असा लिहिलात तर मर्यादाच गळून पडते. बोलणी, सही आणि रक्कम हे तीन वेगळे अधिकार आहेत, आणि संमतीची अट रकमेला लागून आली आहे. ती सहीलाही लागू आहे का, असा वाद निघू शकेल असं वाटलं तर स्वतःचा अर्थ घुसडू नका. मूळ वाक्य उतरवून पुढे ‘संदिग्ध’ लिहा. पत्राच्या शेवटी ‘व इतर आवश्यक कामे’ असे शब्द असतील, तर त्यांतून बक्षीसपत्र करण्याचा किंवा कर्ज काढण्याचा अधिकारही काढू नका. ते सहसा वरच्या कामांपुरतेच धरले जातात.

मुदतीची तारीख नसेल तर ‘नमूद नाही’ एवढंच लिहा. काम पूर्ण झालं की पत्र संपतं, असं कुठे म्हटलंय का, तेही पाहा.

रद्द करण्याच्या भागात मात्र वेळ घालवा. सूचना लेखी हवी का, कोणाला द्यायची? मुखत्याराला कळवलं पण बँकेला किंवा खरेदीदाराला कळवलंच नाही, तर दरम्यान झालेला व्यवहार मालकावर बंधनकारक ठरू शकतो. म्हणून पत्राच्या प्रती कोणाकडे आहेत, ती नावं सारांशातच लिहा. ‘अपरिवर्तनीय’ हा शब्द दिसला, तर कलमाच्या क्रमांकासह तो वेगळा काढा आणि वकिलाला दाखवा.