सहलीचं पत्र लिहायचंय? आधी खालची चिठ्ठी लिहा

शाळेच्या सहलीचं पत्र म्हणजे एका कागदावरची दोन कामं. वरचा मजकूर घरी राहतो. खालची संमतीची चिठ्ठी फाडून शाळेत परत येते आणि सहलीच्या दिवशी वर्गशिक्षकांच्या पिशवीत असते. म्हणून लिहायला बसताना चिठ्ठीपासूनच सुरुवात करावी. बसमध्ये बसल्यावर मुलाबद्दल आपल्याला जे जे माहीत असायला हवं ते चिठ्ठीत, आणि त्या दिवशी घरच्यांना जे लागेल ते वर. ही वाटणी चुकली की वेळ आणि तारीख चिठ्ठीबरोबर शाळेत परत येते आणि आदल्या रात्री "मॅडम, किती वाजता सोडायचं?" असे फोन सुरू होतात.

चिठ्ठीत मुलाचं नाव, इयत्ता, तुकडी आणि पालकांची सही तर असतेच. त्याखेरीज तीन गोष्टी विचाराव्यात. पहिली, त्या दिवशी लागणारा फोन. शाळेच्या नोंदवहीतला नंबर बरेचदा जुना असतो किंवा कामाच्या वेळेत उचलला जात नाही. म्हणून "सहलीच्या दिवशी नक्की लागेल असा नंबर आणि तो न लागल्यास दुसरा" असं स्पष्ट मागावं. दुसरी, तब्येत. "काही आजार आहे का?" असं विचारलं की सगळे "नाही" लिहून मोकळे होतात. त्याऐवजी नेमकं विचारावं: गाडी लागते का, कशाची ॲलर्जी आहे का, दमा किंवा फिट येण्याचा त्रास आहे का, रोजचं औषध कोणतं, किती आणि कधी. गाडी लागणाऱ्या मुलाचे पालक आजार या शब्दापाशी कधीच थांबत नाहीत, पण बसमध्ये पहिली धावपळ त्याच मुलासाठी होते. तिसरी, परतल्यावर मुलाला न्यायला कोण येणार, त्या व्यक्तीचं नाव आणि नातं.

संमतीच्या ओळीत "परवानगी आहे / नाही" असे दोन्ही पर्याय ठेवा. नुसतं "परवानगी देत आहे" छापलं तर न पाठवणारे पालक चिठ्ठीच देत नाहीत. मग न आलेली चिठ्ठी म्हणजे नकार, की पत्र अजून दप्तराच्या तळाशी चुरगळून पडलंय, हे कळायला मार्ग राहत नाही. 'नाही'ची चिठ्ठीही परत मागितली की ज्यांची आलीच नाही त्यांनाच फोन करायचा, एवढं काम उरतं.

"काही झाल्यास शाळा जबाबदार राहणार नाही" हे वाक्य मात्र घालू नये. त्यावर सही घेतली म्हणून मुलांची काळजी घेण्याची शाळेची जबाबदारी संपत नाही, आणि वाचणारा पालक उगाच धास्तावतो. त्या जागी कामाची एक ओळ लिहावी: संपर्क न झाल्यास तातडीचे उपचार करण्यास संमती.

आता खर्च. इथे आकडा ठरवण्याआधी थोडा हिशेब हवा. बसभाडं मुलं कितीही आली तरी तेवढंच राहतं, तिकीट आणि जेवण मात्र डोक्यागणिक वाढतं. समजा वर्गात ४० मुलं आहेत, बसभाडं १२,००० आणि तिकीट व जेवण मिळून प्रत्येकी २००. सगळी येतील असं धरलं तर वाट्याला ५०० येतात. प्रत्यक्षात ३५ आली तर जमा होतात १७,५०० आणि खर्च होतो १९,०००. दीड हजाराची खोट कुणी भरायची? म्हणून कमी संख्या धरून भाग द्यावा. ३५ वर हिशेब केला तर प्रत्येकी ५४३ च्या आसपास येतात, ते ५५० करावेत. सगळी ४० आली तर २,००० उरतील, आणि त्यांचं काय करणार तेही पत्रातच सांगून टाकावं. परताव्याचा नियमही याच हिशेबातून निघतो. आयत्या वेळी मूल आलं नाही तर तिकीट-जेवणाचे पैसे परत, बसचा वाटा नाही. कारण लिहिलं की वाद होत नाहीत. सोबतच्या शिक्षकांचा खर्च या रकमेत धरायचा की शाळा करणार, हेही आधीच ठरवून घ्या.

वेळा लिहिताना जमण्याची आणि निघण्याची वेळ वेगवेगळी द्यावी. "सहल ७ वाजता" असं लिहिलं की निम्मे पालक ७ ला घरून निघतात. परतीची वेळ अंदाजे असते, तेव्हा उशीर झाला तर कोण आणि कसं कळवणार हे जोडावं. तारखेसोबत वार जरूर लिहा. दोन्हींचा मेळ बसला नाही तर चूक लगेच डोळ्यांत भरते.

सुरक्षिततेच्या परिच्छेदात "मुलांची पूर्ण काळजी घेतली जाईल" या वाक्याने पालकाला काहीच कळत नाही. प्रत्यक्ष जे ठरलंय तेवढंच लिहावं: शिक्षक किती, एका शिक्षकाकडे मुलं किती, मोजणी कधी. जवळपास पाणी असेल तर मुलांना तिथे नेणार की नाही, हे विचारायच्या आधीच सांगावं. जे ठरलेलं नाही ते लिहू नये.

सगळं जुळवल्यावर पत्र असं दिसतं:

माननीय पालक,
इयत्ता चौथीची सहल शुक्रवार, १२ डिसेंबर रोजी प्राणिसंग्रहालय व लगतच्या उद्यानात जाणार आहे.
वेळ: शाळेच्या फाटकाशी सकाळी ६.४५ ला जमावे. बस ७.१५ ला निघेल. परत अंदाजे सायंकाळी ५ वाजता, त्याच ठिकाणी. उशीर झाल्यास वर्गाच्या ग्रुपवर कळवू. ग्रुपवर नसलेल्या पालकांना फोन करू.
शुल्क: प्रत्येकी ५५० (बस, तिकीट, जेवण). मूल आले नाही तर तिकीट व जेवणाचे २०० परत मिळतील; बस आधीच ठरवलेली असल्याने उरलेली रक्कम परत करता येणार नाही. शिल्लक राहिल्यास समान वाटून परत करू.
सुरक्षितता: ४० मुलांसोबत ५ शिक्षक, प्रत्येकाकडे ८ मुलांचा गट. प्रत्येक वेळी बसमध्ये चढल्यावर व जेवणाआधी मोजणी. प्रथमोपचार पेटी सोबत. उद्यानातील तळ्याकडे मुलांना नेणार नाही.
खालची चिठ्ठी व शुल्क मंगळवार, २ डिसेंबरपर्यंत वर्गशिक्षकांकडे द्यावे. पाठवणार नसाल तरी चिठ्ठी द्यावी.
- - - - - - - - - -
विद्यार्थी: ______ इयत्ता/तुकडी: ______
सहलीस परवानगी आहे / नाही
त्या दिवशीचा फोन: ______ दुसरा: ______
गाडी लागते / ॲलर्जी / दमा / फिट / इतर: ______
औषध, प्रमाण, वेळ: ______
न्यायला येणार (नाव, नाते): ______
संपर्क न झाल्यास तातडीच्या उपचारांस संमती आहे / नाही
पालकांची सही व तारीख: ______

शेवटची तारीख सहलीच्या दहा दिवस आधीची ठेवली, कारण बस आणि जेवणाची संख्या पक्की करायला तेवढे दिवस लागतात. औषध द्यायचं असेल तर ते मूळ वेष्टनात, वर नाव लिहून शिक्षकांच्या हाती द्यायला सांगावं. दप्तरात सुटी गोळी नको.

फोनवर कुणी "चालेल" म्हटलं तरी सहीची चिठ्ठी आल्याशिवाय ते नाव यादीत घेऊ नये. चिठ्ठ्या गटांप्रमाणे लावून ज्या शिक्षकाचा गट त्याच्याकडे द्याव्यात आणि त्यांच्या झेरॉक्स कार्यालयात ठेवाव्यात. बसला उशीर झाला तर फोन कार्यालयातूनच करावे लागतात.