मावसभावाचा ऑर्क: फोटोवरून पात्राचं चित्र कसं काढावं

डन्जन्स अँड ड्रॅगन्स खेळायला आम्ही पाचजण रविवारी मावशीच्या ओसरीत बसतो. या खेळात प्रत्येकजण एक काल्पनिक पात्र होतो; मावसभावाचं पात्र ऑर्क, म्हणजे सुळेवाला दांडगा राक्षस आहे. त्याचं पहिलं चित्र मी काढलं तेव्हा ऑर्क झकास जमला, पण त्यात भाऊ कुठंच नव्हता. हिरवा रंग, मोठे सुळे आणि रागीट भुवया यांत त्याचा चेहरा बुडून गेला होता.

दुसऱ्या खेपेला फोटोपासून सुरुवात केली. सेल्फी घेऊ नका. मोबाइल जवळ असला की नाक फुगतं आणि कान मागे जातात, मग चित्रही तसंच येतं. पाच-सहा फुटांवर उभं राहून थोडा झूम करा आणि कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर धरा. उजेड एका बाजूनं यावा. आमच्याकडे दुपारच्या उन्हात डोळ्यांखाली काळे खड्डे पडतात, म्हणून मी त्याला सकाळी दाराशी बसवलं.

फोटोची प्रिंट काढा, चेहरा दहा सेंटिमीटर उंच ठेवा. ती खिडकीच्या काचेवर धरून वर कागद ठेवा आणि फक्त डोळे, भुवया, नाक, ओठ गिरवून घ्या. माणूस ओळखू येतो तो यांच्यामधल्या अंतरांवरून, त्यामुळे हा भाग नंतर सरकवायचा नाही. मग त्या माणसाच्या दोन-तीन खास खुणा लिहून काढा. भावाची डावी भुवई मधेच तुटलेली आहे, समोरच्या दातांत फट आहे आणि हसताना ओठ उजवीकडे जास्त वर जातो. या खुणा किंचित वाढवल्या तरी चालतं, पुसल्या की माणूस गेला.

चेहऱ्याला ऑर्कपणा आणायचा तो कडेनं. जबडा दोन्ही बाजूंनी पाच-पाच मिलिमीटर रुंद केला, मान जाड केली आणि कानाचं टोक वर ओढलं. कानाची मुळं मात्र होती तिथंच, भुवई आणि नाकाच्या बुडाच्या मधे. भुवयांवरचं हाड जड करताना ते वरच्या बाजूला वाढवा. खाली आणलं तर डोळे झाकले जातात.

खरी अडचण सुळ्यांची. ते खालच्या जबड्यातून वर येतात, म्हणजे नेमके ओठांवर. पहिल्या चित्रात ते दोन सेंटिमीटरचे होते, त्यांनी हसू आणि दातांची फट दोन्ही गिळलं. आता सात मिलिमीटरचे केले आणि ओठांच्या कोपऱ्यांकडे सरकवले.

रंग देताना फोटोत जिथं सावली तिथंच गडद हिरवा द्या. नाकाची ठेवण सावलीतच असते. सगळीकडे सारखा हिरवा फासला की चेहरा सपाट होतो.

शेवटी गेम न खेळणाऱ्या कुणाला तरी काही न सांगता चित्र दाखवा. आधी जबडा हातानं झाका, मग हात काढा. झाकल्यावर ओळखलं आणि उघडल्यावर गोंधळ झाला, तर जबडा जास्त झालाय. मावशीनं दोन्ही वेळा ओळखलं. "हा तं माहाच पोट्टा हाय," ती म्हणाली, "पन दात काहून असे काढले रे?"