‘पिच्चर लांबला अन् शेवट गुंडाळला’: एडिटमधल्या या चुका टाळा

नागपुरात एखाद्या नव्या मराठी सिनेमाचा रफ कट मित्रमंडळींना दाखवला, की बाहेर चहाच्या टपरीवर एक शेरा हमखास ऐकू येतो: “भाऊ, पिच्चर लय लांबला, अन् शेवट मात्र गुंडाळला.” दिग्दर्शक वैतागतो. एकच सिनेमा लांबही आणि घाईचाही कसा असेल? असतो. बहुतेक वेळा तो एडिट करतानाच तसा होतो.

समजा, सिनेमा इतवारीतल्या एका मसाल्याच्या ठोक दुकानाचा आहे. वडील जातात आणि दुकान मुलीवर येतं. मग कळतं, की दुकानावर मोठं कर्ज आहे. विकून मोकळं व्हायचं की चालवायचं? ती चालवायचं ठरवते. शेवटी भाऊ पुण्याहून येतो आणि आपला हिस्सा तिच्या नावावर करून देतो. रफ कट ११८ मिनिटांचा. निर्माता म्हणतो, पावणेदोन तासांच्या आत आणा.

चूक पहिली: सगळीकडून थोडं थोडं छाटणं

एडिटर प्रत्येक सीनची सुरुवात आणि शेवट कापतो. दारातून आत येणं गेलं, संवादानंतरची शांतता गेली. १४ मिनिटं निघाली, सिनेमा १०४ मिनिटांचा झाला. तरी पूर्वार्ध रेंगाळतोच.

कारण सावकार दुकानात येऊन कर्जाचा आकडा सांगतो तो सीन ४१व्या मिनिटाला होता, आता ३७व्या मिनिटाला आला, एवढाच फरक. तोपर्यंत प्रेक्षकाला मुलगी आवडलेली असते, दुकान ओळखीचं झालेलं असतं, पण ‘आता हिचं काय होणार’ हा प्रश्न त्याच्या हातात नसतो. प्रश्न नसताना तीन मिनिटांचा सीनही जड होतो. प्रश्न असेल तर पाच मिनिटांचा मुका सीनसुद्धा लोक टक लावून बघतात.

म्हणून आधी ११८ मिनिटांच्या कटकडे परत जा. प्रत्येक सीनची एक चिठ्ठी करा आणि तिच्यावर दोनच गोष्टी लिहा: सीन किती मिनिटांचा आणि त्यात काय बदललं. आपल्या सिनेमात वडील उधारी मागायला कचरतात हे सांगणारे तीन सीन निघाले, मिळून ९ मिनिटं. त्यातला सगळ्यात चांगला, ३ मिनिटांचा ठेवला. ६ मिनिटं वाचली. मैत्रिणींचा ४ मिनिटांचा सीन पूर्ण काढला, कारण चिठ्ठीवर ‘काय बदललं’ समोर लिहायला काहीच नव्हतं. (हा सीन दिग्दर्शकाचा सगळ्यात लाडका असतो, हे सांगायला नकोच.) मग तेरवीनंतरचे दोन सीन, मिळून ५ मिनिटांचे, सावकाराच्या सीनच्या मागे ढकलले. कर्जाचा आकडा आता २६व्या मिनिटाला कळतो.

चूक दुसरी: घाई वाटते तिथे घटना वाढवणं

शेवट गुंडाळल्यासारखा वाटला, की लेखक भावाच्या तोंडी आणखी एक भाषण घालतो. त्याने काही होत नाही. मूळ कटमध्ये मुलगी कागद पुढे सरकवते, भाऊ वडिलांची गादी बघतो, वजनकाटा हाताने हलवतो, मग सही करतो. छाटणीत गादी आणि काटा दोन्ही गेले. आता कागद आला आणि सही झाली. भावाचं मन कधी बदललं ते प्रेक्षकाने पाहिलंच नाही. ते शॉट परत आले, तसं मूळ कटमधलं शेवटच्या भागातलं बाकीचं सगळंही आलं. मधल्या वसुलीच्या फेऱ्यांतली २ मिनिटं मात्र काढली.

हिशेब १०६ मिनिटांवर आला. निर्मात्याला बरोबर दिसेल, की छाटलेल्या कटपेक्षा हा २ मिनिटांनी मोठा आहे. दोन्ही कट ओळीने लावून दाखवा.

चूक तिसरी: प्रेक्षकाने बोट ठेवलं तोच सीन कापणं

“सिनेमा लांब वाटला का?” असं विचारू नका, सगळे ‘हो’ म्हणतात. मोबाइल कधी काढला ते विचारा, किंवा मागे बसून स्वतःच बघा. आणि लक्षात ठेवा, कंटाळा जाणवतो त्या जागेच्या बराच आधी सुरू झालेला असतो. लोक ३५व्या मिनिटाच्या लग्नाच्या सीनला नावं ठेवतील, पण दुखणं २०व्या मिनिटापासूनचं असेल. तिथे प्रश्न आला, की तेच लग्न खपून जातं.

इंटरव्हलचंही तसंच. नागपुरात घडणारा ‘झुंड’ (२०२२) तीन तासांच्या आसपास जातो, तेव्हा नुसती मिनिटं मोजून भागत नाही. इंटरव्हलआधीचा प्रश्न मिटला आणि नवा उभा राहिला नाही, तर परत खुर्चीत बसलेला माणूस उरलेला वेळ मोजू लागतो. आपल्या सिनेमात इंटरव्हल दुकान वाचल्याच्या आनंदावर नको, भावाचा ‘माझा हिस्सा पाहिजे’ हा फोन आल्यावर हवा.

सीन पुढे-मागे करण्याला एक मर्यादा आहे. सावकाराचा सीन अलीकडे आणला, पण त्यात दुकानाची नवी पाटी दिसते आणि ती रंगवण्याचा सीन आता नंतर येतो. अशा वेळी लांबचा शॉट टाळून चेहऱ्यांच्या क्लोजअपवर सीन उभा करता येतो. एखादं वाक्य पाठमोऱ्या माणसावर डब करता येतं. क्लोजअप घेतलेच नसतील, तर एका दिवसाचं पॅचवर्क शूट करावं लागेल. ते जमत नसेल, तर पाटी रंगवण्याचा सीनच काढा. सिनेमा त्याच्याशिवाय उभा राहतो.