रॉ शिकायला फोन घेताय? आधी डीएनजी उघडा, मग पैसे द्या

मॅन्युअल फोटोग्राफी शिकायची म्हणून फोन घ्यायला निघालेली मंडळी लक्ष्मी रोडवरच्या दुकानात शिरतात आणि पहिलाच प्रश्न मेगापिक्सेलचा विचारतात. काउंटरवरचा मुलगा उत्साहानं म्हणतो, "दादा, यात दोनशे आहेत." तो काही खोटं बोलत नसतो, पण त्या आकड्यावरून शिकणाऱ्याच्या कामाचं काहीच कळत नाही. गेल्या काही वर्षांत मित्रांसाठी आणि नातेवाइकांसाठी असे बरेच फोन निवडून दिलेत. त्यातून बसलेली पद्धत सांगतो. रॉ म्हणजे फोननं प्रक्रिया करण्याआधीची, सेन्सरनं टिपलेली कच्ची फाइल, आणि डीएनजी हा ती साठवण्याचा फाइल-प्रकार.

१. सेन्सरचा आकार बघा. मेगापिक्सेल सोडा, मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सर किती इंची आहे ते कंपनीच्या तपशिलात शोधा. १/१.३ इंची सेन्सरचं क्षेत्रफळ १/२.५५ इंचीच्या सुमारे तिप्पट असतं. तेवढ्या पटीनं प्रकाश जास्त, म्हणून सावलीत दाणे कमी. ५० मेगापिक्सेलच्या बहुतेक फोनांत रॉ फाइल साडेबारा मेगापिक्सेलच्या आसपास येते, कारण चार-चार पिक्सेल एकत्र वाचले जातात. यात फसवणूक नाही, शिकायला ती फाइल उत्तम.

२. अ‍ॅपर्चरची आशा ठेवू नका. जवळजवळ सगळ्या फोनांत ते कायमचं ठरलेलं असतं. तुमच्या हातात शटर, आयएसओ, फोकस आणि व्हाइट बॅलन्स राहतो.

३. अँड्रॉइड फोनवर ओपन कॅमेरा हे फुकटचं अ‍ॅप टाका. सेटिंगमध्ये `Camera2 API` निवडा. त्यानंतरही रॉचा पर्याय दिसत नसेल, तर कंपनीनं तो बाहेरच्या अ‍ॅपना दिलेला नाही. अशा वेळी फोनच्या स्वतःच्या प्रो मोडमध्ये रॉ मिळतं का, आणि कुठल्या कुठल्या लेन्सवर मिळतं, ते बघा. आयफोनवर प्रोरॉ २०२० सालच्या १२ प्रोपासून सुरू झालं आणि ते फक्त प्रो मॉडेलांवर आहे. त्यात फोनची बरीच प्रक्रिया आधीच झालेली असते. सेन्सरचं कच्चं रॉ हवं असेल, तर आयफोनवरही बाहेरचं अ‍ॅप लागतं.

४. रॉ खरं आहे का ते तपासा. इथेच लोक फसतात. मीही फसलो होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझ्या तेव्हाच्या फोनच्या खोक्यावर "प्रो मोड" आणि "रॉ" दोन्ही छापलेलं होतं. संध्याकाळी झेड ब्रिजवर स्टँड लावून गाड्यांच्या दिव्यांच्या रेषा काढायला बसलो. शटर ४ सेकंद ठेवलं. रेषा आल्या, पण तुटक, रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांसारख्या. दोन महिने मी स्टँडला दोष देत राहिलो. नंतर कळलं की तो फोन चार सेकंद शटर उघडं ठेवतच नव्हता. छोटे छोटे फोटो घेऊन जोडत होता आणि मधल्या फटी रेषेत दिसत होत्या. शटरचा वेग आणि प्रकाश यांचं नातं शिकायला बसलेल्या माणसाला असा फोन चुकीचाच धडा देतो.

दुकानात करायची तपासणी अशी. ट्यूबलाइट चौकटीत येईल आणि काउंटरखालचा अंधारही येईल, अशी जागा धरा. शटर १/५० ठेवा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. १/१०० पेक्षा वेगवान शटर ठेवलात तर फोटोत आडवे पट्टे येऊ शकतात आणि दोष फोनचा वाटतो. आयएसओ ४०० ठेवून रॉ काढा. डीएनजी फाइल पेनड्राइव्हवर किंवा स्वतःच्या फोनवर घ्या आणि स्नॅपसीड किंवा लाइटरूममध्ये उघडून सावल्या पूर्ण वर ओढा.

आता काउंटरखालचा तो काळा कोपरा मोठा करून बघा. तिथे लाल-हिरवे-निळे बारीक ठिपके दिसले तर आनंद माना, सेन्सरनं जे पाहिलं ते तुमच्या हातात आलंय. आधी अ‍ॅपमधलं नॉइज कमी करणारं सेटिंग मात्र शून्यावर आहे ना, ते बघा. आणि तो कोपरा मेण फासल्यासारखा गुळगुळीत असेल, लाकडाचा पोतच गायब असेल, तर फोननं फाइल आधीच घासूनपुसून दिलीय. काही फोन अनेक फोटो जोडून डीएनजी बनवतात. फोटो म्हणून त्या फाइली सुंदर असतात, पण आयएसओ वाढवल्यावर काय बिघडतं ते त्यात दिसत नाही, आणि शिकायचं नेमकं तेच असतं.

मग लेन्स. दुकानातल्या मंद कोपऱ्यात प्रो मोडमध्ये ३ पट झूम लावा आणि मुख्य लेन्सवर बोट ठेवा. स्क्रीन काळी झाली, तर टेलिफोटो लेन्स वापरलीच जात नाहीये, मुख्य कॅमेऱ्याचा तुकडा कापून दाखवला जातोय. अल्ट्रावाइडवरही असंच करून बघा. बाहेरच्या अ‍ॅपला फक्त मुख्य लेन्स दिसते असे फोन पुष्कळ आहेत. एवढ्यावरून मी फोन नाकारत नाही, कारण शिकण्याचं बहुतेक काम मुख्य लेन्सवरच होतं.

शटरची कमाल मर्यादा मात्र दोन्हीकडे बघा. स्वतःच्या अ‍ॅपमध्ये ३० सेकंद देणारा फोन ओपन कॅमेऱ्यात सेकंदाच्या आतच अडकू शकतो. मग रात्रीच्या फोटोंसाठी कंपनीच्या अ‍ॅपवरच राहावं लागतं, आणि तिथे रॉ मिळत नसेल तर तो फोन घेऊ नका.

५. उदबत्तीची परीक्षा. तुटक रेषा पकडायला पुलावर जाऊ नका. आजकालच्या गाड्यांचे एलईडी दिवे स्वतःच लुकलुकतात, त्यामुळे चांगल्या फोनवरही ठिपके येतात आणि निष्पाप फोन बाद होतो. माझ्याकडून एकदा तसं झालं आहे. घरी खोलीत अंधार करा, फोन स्टँडवर ठेवा, शटर ४ सेकंद, आयएसओ ८००, फोकस हातानं दोन मीटरच्या आसपास. दोन मीटरवर उभं राहून पेटलेली उदबत्ती हवेत सावकाश गोल फिरवा. निखारा सलग जळतो, लुकलुकत नाही. वर्तुळ अखंड आलं तर शटर खरं आहे. ठरावीक अंतरानं फटी दिसल्या तर फोन तुकडे जोडतोय. वर्तुळ फिकट आलं तर आयएसओ वाढवा, उदबत्ती फिरवायचा वेग कमी करा.

ही परीक्षा दुकानात करता येत नाही. म्हणून त्याच मॉडेलचा फोन कुणा ओळखीच्याकडे असेल तर एक संध्याकाळ मागून घ्या.

६. मेमरी २५६ जीबी. साडेबारा मेगापिक्सेलची कच्ची डीएनजी, दाबून लहान केलेली नसेल तर, सुमारे २५ एमबीची होते. पर्वतीवरची एक सकाळ सहज शंभर फोटोंची, म्हणजे अडीच जीबी.

ओळखीत तो फोन कुणाकडेच नसेल, तर बिल करण्याआधी दुकानदाराला विचारा की खोकं उघडल्यावर फोन किती दिवसांत बदलून देणार. उत्तर बिलावर लिहून घ्या आणि उदबत्ती त्याच रात्री पेटवा.